एक लाखाचा माल परत आला, साडेअठरा हजार गेले

ऑक्टोबरात आमच्या डेपोतला फोन शांत असतो. खरिपाचा इन्सेंटिव्ह त्या महिन्याच्या पगारात जमा होतो आणि आलेला पैसा का आला, असं कोणी विचारत नाही. जानेवारीत मात्र फोन खाली ठेवायला सवड मिळत नाही. पगाराच्या स्लिपवर 'इन्सेंटिव्ह रिकव्हरी' अशी एक ओळ उगवलेली असते आणि तिच्यापुढे पाच हजार, सात हजार असा आकडा. "साहेब, दिलेला पैसा परत घेता होय?" हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड: "घेता तर घ्या, पण एवढा कसा?"

मी कीटकनाशकं आणि तणनाशकं विकणाऱ्या एका कंपनीचे विक्रीचे हिशेब बघतो. मराठवाड्यात आणि पश्चिम विदर्भात आमची माणसं फिरतीवर असतात. सकाळी मोटारसायकल काढायची, दिवसभरात सात-आठ कृषी सेवा केंद्रं करायची, संध्याकाळी ऑर्डरी टाकायच्या. कमिशनची योजना हेड ऑफिसकडून एप्रिलमध्ये येते. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर सही करून ती परत पाठवायची असते, आणि बहुतेक जण तेवढंच पान बघतात. मी त्यांना दोष देत नाही. ती चौदा पानं मलाही पहिल्या वाचनात कळली नव्हती.

एका जानेवारीत, दिवसभर तोच हिशेब अकरा जणांना फोनवर समजावल्यावर, मी ठरवलं की हे सगळं मराठीत एका कागदावर आणायचं. माणसाने डीलरच्या काउंटरवर बसून, चहा येईपर्यंत वाचावं आणि आपला आकडा स्वतः काढावा, इतपत सोपं. वाटलं होतं, दोन संध्याकाळींचं काम आहे. तीन आठवडे गेले. भाषांतराला वेळ लागला नाही. वेळ गेला तो योजनेत काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय, हे शोधण्यात.

पैशाचा नियम अशा योजनेत एका जागी कधीच नसतो. टार्गेट किती हे वेगळ्या पत्रात येतं. 'विक्री' म्हणजे काय, हे दुसऱ्या पानावरच्या व्याख्यांत असतं. दरांचा तक्ता पाचव्या पानावर. आणि कापाकापीची खरी गोष्ट अकराव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरातल्या टिपेत. मी कागद पुढ्यात घेऊन चारच प्रश्न लिहिले: काय मोजायचं, कोणत्या तारखेला मोजायचं, कोणता दर लावायचा, आणि दिलेलं कधी परत घ्यायचं. मग चौदा पानांतलं प्रत्येक वाक्य यांपैकी एकाखाली टाकत गेलो. जे कशातच बसेना ते बाजूला ठेवलं. त्यात 'व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य तीन वेळा निघालं.

आमच्या परभणीकडच्या एका टेरिटरीचा त्या खरिपाचा हिशेब घेऊन पुढचं सांगतो. टार्गेट होतं ६० लाख. तिथला फील्ड ऑफिसर हुशार गडी, डायरी व्यवस्थित ठेवणारा. सप्टेंबरअखेर त्याच्या डायरीत बेरीज होती ७६ लाख ७० हजार. म्हणजे जवळपास १२८ टक्के. त्याने सर्वांत वरचा दर धरून मनातल्या मनात पैसे मोजलेही होते.

डायरीतली बेरीज बरोबर होती, पण ती बिलाच्या तळाशी असलेल्या आकड्यांची होती. त्या आकड्यात जीएसटी असतो, आणि कीटकनाशकांवर तो १८ टक्के आहे. कर सरकारचा, आपली विक्री नव्हे. तो काढला की ७६.७० लाखांचे ६५ लाख होतात. पुढे स्कीम. जुलैत डीलरांना ठरावीक मालावर सूट जाहीर झाली होती आणि तिच्या क्रेडिट नोटा नंतर निघाल्या, एकूण २ लाखांच्या. त्याही वजा. राहिले ६३ लाख. टार्गेटच्या १०५ टक्के. काम चांगलंच झालं होतं, पण १२८ कुठे आणि १०५ कुठे.

योजनेत यासाठी 'निव्वळ विक्रीमूल्य' असा शब्द आहे आणि त्याची व्याख्या आठ ओळींची आहे. कागदावर मी ती अशी उतरवली: बिलाची रक्कम घ्या, १.१८ ने भागा, क्रेडिट नोटा वजा करा, उरेल ती तुमची विक्री. भागायचं का आणि १८ टक्के वजा का करायचे नाहीत, हे मुद्दाम एका उदाहरणाने दाखवावं लागलं. १,१८,००० मधून १८ टक्के वजा केले तर ९६,७६० येतात; खरी विक्री १,००,००० असते. ही चूक आमच्या ऑफिसातही होते.

तारखेचं फार सांगत नाही. बिल ३० सप्टेंबरचं आणि माल डेपोतून निघाला ३ ऑक्टोबरला, तर ती विक्री आमच्याकडे रब्बीत धरतात. ट्रान्सपोर्टच्या पावतीवरची तारीख बघायची, बिलावरची नाही. हे एक वाक्य कागदावर आलं आणि दरवर्षीचं एक भांडण मिटलं.

आता स्लॅब. ८० टक्क्यांच्या खाली काही नाही. ८० ते १०० ला अर्धा टक्का. १०० ते १२० ला ०.८ टक्के. १२० च्या पुढे एक टक्का. चार ओळींचा तक्ता, शाळेतल्या पोराला कळेल असा. आणि तरी याच तक्त्यावरून ६३ लाखांच्या विक्रीचे तीन वेगवेगळे आकडे निघतात.

पहिलं वाचन वीजबिलाचं. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, असं चढत जातं. ३०१ वं युनिट जळलं म्हणून आधीची ३०० महाग होत नाहीत. तसं इथे धरलं तर पहिल्या ६० लाखांना अर्धा टक्का, म्हणजे ३०,००० रुपये. वरच्या ३ लाखांना ०.८ टक्के, म्हणजे २,४००. एकूण ३२,४००.

दुसरं वाचन घाऊक भावाचं. दहा पेट्या घेतल्या की दहाही पेट्यांना घाऊक भाव, फक्त दहाव्या पेटीला नव्हे. तसं धरलं तर विक्री १०० च्या पुढे गेली म्हणून सगळ्याच ६३ लाखांना ०.८ टक्के. ५०,४०० रुपये.

तिसरं वाचन सर्वांत कद्रू. ८० टक्के, म्हणजे ४८ लाख, हे काम तुम्ही पगारातच करायचं आहे. इन्सेंटिव्ह फक्त त्याच्या वरच्या विक्रीवर. मग ४८ ते ६० या १२ लाखांचे ६,००० आणि वरचे २,४००. एकूण ८,४००.

८,४००, ३२,४०० आणि ५०,४००. तक्ता तोच. तिन्ही पद्धतींच्या योजना बाजारात खरोखर चालतात, त्यामुळे यांपैकी कोणतंच वाचन वेडगळ नाही. आमच्या योजनेत तक्त्याखाली एकच वाक्य होतं. त्याचा अर्थ साधारण असा की 'साध्य टक्केवारी ज्या टप्प्यात येईल त्या टप्प्याचा दर लागू राहील'. कशाला लागू राहील, ते लिहायचं राहिलं होतं. मी हेड ऑफिसला विचारलं. फोनवर एकाने वीजबिल सांगितलं, दुसऱ्याने घाऊक भाव. तेव्हा मात्र मी ईमेल टाकला, हीच तीन उत्तरं आकड्यांसकट लिहून: 'यांतलं कोणतं बरोबर?' चार दिवसांनी उत्तर आलं, दुसरं. ५०,४००. कागदावर स्लॅबच्या खाली त्या ईमेलची तारीख मी छापली आहे. कोणी उद्या वेगळं म्हणालं, तर वाद माझ्याशी घालायचा नाही.

घाऊक भावाची पद्धत ठरली की टक्केवारी बाजूला ठेवून रुपयांत बोलता येतं, आणि बोलावंच. हे मला एका प्रिंटआउटने शिकवलं. हिंगोलीकडचा आमचा एक माणूस पोर्टलवरून काढलेला कागद घेऊन थेट ऑफिसात आला होता. त्यावर ठळक अक्षरात १०० टक्के. "साहेब, कंपनीचं पोर्टल शंभर दाखवतंय आणि तुम्ही अर्धा टक्का लावताय." त्याचंही टार्गेट ६० लाख होतं. मी विक्रीचा आकडा काढला: ५९,९७,६००. म्हणजे ९९.९६ टक्के. पोर्टलवर दशांश दाखवण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने पुढचा पूर्णांक दाखवला. पैसे मोजणारी प्रणाली मात्र पूर्ण आकडा बघते. २,४०० रुपयांची विक्री कमी पडली. एखादी पेटीसुद्धा नाही. तेवढ्याने त्याचे जवळपास अठरा हजार गेले, कारण ५९,९७,६०० ला अर्धा टक्का म्हणजे २९,९८८ आणि ०.८ टक्के धरले असते तर ४७,९८०. त्याचे पैसे मिळवून द्यायचा मी प्रयत्न केला. मिळाले नाहीत.

तेव्हापासून कागदावर टक्के नाहीत. प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या टेरिटरीचे रुपये. परभणीच्या माणसाच्या कागदावर एवढंच आहे: ४८ लाख पूर्ण झाले तर २४,००० रुपये. ६० लाख पूर्ण झाले तर ४८,०००. ७२ लाख पूर्ण झाले तर ७२,०००. एक रुपया कमी पडला तरी खालचा दर लागेल. आणि मधल्या आकड्यांसाठी एक ओळ: शेवटचा ओलांडलेला दर सगळ्या विक्रीला लावा. चाळीस टेरिटरींचे चाळीस वेगळे कागद काढणं कंटाळवाणं काम आहे, पण सर्वांना एकच कागद देऊन 'आपापले टक्के काढा' म्हणणं हे काम न करण्यासारखंच.

या पायरीकडे जरा थांबून बघायला हवं, कारण पुढची सगळी कटकट तिच्यातून निघते. सप्टेंबरची २८ तारीख आहे आणि विक्री साडे-एकोणसाठ लाखांवर अडली आहे, असं समजा. आहे तिथे थांबलं तर २९,७५० रुपये मिळतील. पन्नास हजारांचं एकच बिल आणखी झालं की ४८,०००. म्हणजे त्या एका बिलाची किंमत १८,२५० रुपये. बिल पन्नास हजारांचं आणि त्यावर माणसाला मिळणार सव्वाअठरा हजार! अशा वेळी तो काय करील? ओळखीच्या डीलरकडे जाईल आणि म्हणेल, "शेठ, पन्नासचा माल ठेवा, नाही खपला तर परत घेतो." डीलरचं काही जात नाही. उधारीचा माल, जागा त्याची रिकामीच आहे. आमच्या धंद्यात याला प्लेसमेंट म्हणतात, आणि माल शेतकऱ्याच्या हातात गेला तर त्याला लिक्विडेशन. कंपनीचं बिल प्लेसमेंटला होतं, पण कंपनीला खरा पैसा लिक्विडेशनला मिळतो.

हे अंतर भरून काढायला योजनेत वसुलीचं कलम येतं. इंग्रजीत त्याला क्लॉबॅक म्हणतात, आमची माणसं म्हणतात 'इन्सेंटिव्ह कापला'. माझं मत विचाराल तर पायरी एवढी उंच ठेवायची आणि मग तिच्यावरून उडी मारणाऱ्याला पकडायला कलम घालायचं, हा उलटा उद्योग आहे. वीजबिलाची पद्धत ठेवली तर तेच पन्नास हजारांचं बिल माणसाला फक्त २५० रुपये देईल, आणि २५० रुपयांसाठी कोणी डीलरच्या विनवण्या करणार नाही. पण योजना बनवणं माझ्या हातात नाही, समजावणं आहे.

आमच्या योजनेत ३१ डिसेंबरपर्यंत आलेला खरिपाचा परतीचा माल विक्रीतून वजा होतो. परभणीच्या त्या टेरिटरीत ४ लाखांचा माल परत आला. त्यात बराचसा सोयाबीनचं तणनाशक होता. ते पेरणीनंतर साधारण पंधरा-वीस दिवसांत, तण कोवळं असतानाच मारायचं असतं. त्या वर्षी काही भागात पावसाने मध्येच ओढ दिली, फवारणीचे दिवस निघून गेले, आणि पेट्या डीलरकडे राहिल्या. यात फील्ड ऑफिसरची लबाडी काडीची नव्हती. कलम मात्र लबाडी आणि पाऊस यांत फरक करत नाही.

किती कापले जाणार? इथेही दोन वाचनं. सरळ विचार करणारा म्हणेल, ४ लाखांवर ०.८ टक्के दिले होते, ते ३,२०० परत घ्या. फील्डवर सर्वांनी हेच धरलं होतं. पण अकराव्या पानाच्या तळटिपेत लिहिलं होतं की परतीनंतर इन्सेंटिव्ह 'पुन्हा मोजला जाईल'. या तीन शब्दांतच सगळं आहे. पुन्हा मोजायचं म्हणजे ६३ लाखांतून ४ गेले, राहिले ५९. माणूस ६० च्या पायरीवरून खाली उतरला. आता सगळ्या ५९ लाखांना अर्धा टक्का, म्हणजे २९,५००. दिले होते ५०,४००. वसुली २०,९००.

त्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "चार लाखांच्या मालावर एकवीस हजार? माल विकून तरी एवढं मिळतं का?" मिळत नाही. म्हणूनच पुढचा हिशेब त्याला समोर बसवून, कागदावर करून दाखवला. परत आलेला माल ३ लाखच असता तर विक्री बरोबर ६० लाखांवर राहिली असती. पायरी सुटली नसती. इन्सेंटिव्ह ४८,००० झाला असता आणि कापले गेले असते फक्त २,४००. म्हणजे पहिल्या तीन लाखांच्या परतीने नेले २,४०० रुपये, आणि शेवटच्या एका लाखाने १८,५००.

हा हिशेब पाहिल्यावर मी कागदात एक ओळ वाढवली, आणि माझ्या मते सबंध कागदात कामाची ओळ तीच आहे. तिला आम्ही 'परतीची जागा' म्हणतो. ३० सप्टेंबरची तुमची विक्री वजा शेवटची ओलांडलेली पायरी. परभणीला ती ६३ वजा ६०, म्हणजे ३ लाख. इतका माल परत आला तर थोडं लागेल, त्याच्या पुढे गेला तर खड्डा. आकडा करासकट नाही, कर काढून. डीलर ३ लाख ५४ हजार म्हणेल ते आपले ३ लाख.

परतीची जागा ऑक्टोबरातच माहीत असली की माणसाला काहीतरी करता येतं. परभणीच्या त्या ४ लाखांत लाख-सव्वालाखाचं इमामेक्टिन होतं, कपाशीच्या बोंडअळीसाठी ठेवलेलं. तेच औषध रब्बीत हरभऱ्याच्या घाटेअळीवर चालतं, आणि परभणीकडे हरभरा काही थोडा नसतो. डीलरला म्हणता आलं असतं, तणनाशक परत द्या, हे ठेवा, डिसेंबरात लागेल. एवढ्याने साडेअठरा हजार वाचले असते. पण जानेवारीत हे सांगून काय उपयोग? गाडी डेपोला लागली होती, क्रेडिट नोट निघाली होती.

दुसरा मार्गही असतो. एका तालुक्यातला पडून राहिलेला माल जिथे मागणी आहे तिथे हलवायचा. इथे मात्र एक सावधगिरी. पेट्या मोटारसायकलवर टाकून या दुकानातून त्या दुकानात नेल्या, असं कीटकनाशकाचं चालत नाही. घेणाऱ्या डीलरच्या परवान्यात आमच्या कंपनीचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट नोंदलेलं असावं लागतं, आणि माल रीतसर क्रेडिट नोट व नव्या बिलावर फिरावा लागतो. नाहीतर कृषी विभागाची तपासणी आली की इन्सेंटिव्ह राहतो बाजूला आणि डीलरच्या परवान्यावर येतं.

डीलरला 'माल ठेवा' म्हणतानाही दुसरं एक कलम डोक्यात हवं. ३१ डिसेंबरला ज्या खरिपाच्या बिलाला ९० दिवसांहून जास्त झाले आणि पैसे आले नाहीत, ते बिलही विक्रीतून वजा होतं. म्हणजे एक लाखाचं औषध डीलरकडे राहिलं, पण त्याने पैसे दिले नाहीत, तर हिशेब पुन्हा ५९ लाखांवर. फरक एवढाच की परत आलेला माल कायमचा गेला, आणि थकलेलं बिल ३१ मार्चपर्यंत वसूल झालं तर कापलेले पैसे एप्रिलच्या पगारात परत येतात. स्लिपवर दोन्ही गोष्टी एकाच नावाने दिसतात. मी हिशेबवाल्यांच्या मागे लागून त्या वेगळ्या करून घेतल्या: 'रिकव्हरी: माल परत' आणि 'रिकव्हरी: थकबाकी'. दुसरी ओळ दिसली की माणसाला कळतं, अजून तीन महिने हातात आहेत, डीलरच्या दारात जाऊन बसायला हवं.

वसुली एका झटक्यात होत नाही. आमच्याकडे ती जानेवारी ते एप्रिल अशा चार पगारांत वाटतात. २०,९०० चे महिना ५,२२५. पगारातून किती कापता येतं याला कायद्याचीही मर्यादा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार एका पगारातली सगळी कपात मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. यात पीएफ, आगाऊ उचलीचा हप्ता वगैरे सगळं येतं. ज्याच्या डोक्यावर आधीच उचल आहे त्याने हे लक्षात ठेवावं.

नोकरी सोडणाऱ्याचं काय, हा प्रश्न जाहीरपणे कोणी विचारत नाही, पण सर्वांच्या मनात असतो. आमच्या योजनेत इन्सेंटिव्ह वाटपाच्या दिवशी माणूस रोलवर हवा. २५ सप्टेंबरला राजीनामा देऊन नोटीस ऑक्टोबरच्या मध्यावर संपवणाऱ्याने सहा महिन्यांचं काम केलेलं असतं आणि पैसे शून्य. मी हे कागदावर सर्वांत वर घालावं म्हणत होतो. आमच्या एचआरला ते 'बरं दिसत नाही' म्हणून पसंत नव्हतं. शेवटी ते मागच्या बाजूला गेलं, पण ठळक अक्षरात. ज्या नियमाने माणसाचे सगळे पैसे जातात तो लपवला, तर बाकीच्या कागदावर कोणी का विश्वास ठेवावा?

कागद तयार झाला असं वाटलं तेव्हा मी तो एका परीक्षेला बसवला. मागच्या हंगामातले तीन खरे हिशेब घेतले: एक जेमतेम ८० च्या वर गेलेला, एक शंभरच्या आसपासचा आणि एक ज्याचा माल बराच परत आला होता. मग कागद आणि बिलांची यादी आमच्या डेपोतल्या नव्या मुलाच्या हातात दिली. त्याने मूळ योजना कधी पाहिली नव्हती. म्हटलं, या कागदावरून तिघांचे पैसे काढ. पहिले दोन रुपयाला रुपया जुळले. तिसरा ४,००० ने चुकला. आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. कागद बरोबर होता, मुलगाही बरोबर होता. मागच्या वर्षी हिशेबवाल्यांनी १० जानेवारीला आलेला माल डिसेंबरचा धरून कापला होता. त्या माणसाला त्याचे ४,००० मिळाले.

असा कागद बनवणाऱ्याला तळाशी एक वाक्य घालावंच लागतं, की मूळ योजना आणि हा कागद यांत फरक पडल्यास मूळ योजना ग्राह्य. मीही घातलं आहे. पण त्याच्या शेजारी ज्या पानावरून जो नियम घेतला त्या पानाचा क्रमांकही दिला आहे, म्हणजे कोणाला पडताळायचं तर चौदा पानं उलटायला नकोत. 'फोकस प्रॉडक्ट'चा वेगळा बोनस, मॅनेजरचा वाटा, परदेशी सहलीची स्पर्धा हे सगळं मी मुद्दाम गाळलं. त्याने कागदाची दोन पानं झाली असती, आणि दोन पानांचा कागद डीलरच्या काउंटरवर कोणी वाचत नाही.

परभणीच्या त्या फील्ड ऑफिसरचे २०,९०० गेले ते गेले. पुढच्या ऑक्टोबरात त्याने स्वतः फोन केला, पैसे जमा होण्याच्या आधी. "साहेब, माझी परतीची जागा दोन लाख चाळीस हजार येते. बरोबर ना?" मी पाहिलं. बरोबर होती.

हे वाचणाऱ्यांत कोणी फिरतीवर असेल, मग माल औषधांचा असो, विम्याचा असो की मोबाइलच्या सिमचा, तर येत्या एप्रिलमध्ये योजनेवर सही करण्याआधी दोनच प्रश्न ईमेलने विचारा. वरच्या स्लॅबचा दर सगळ्या विक्रीला लागतो की फक्त वरच्या भागाला? आणि विक्री उलटली तर तेवढ्यावरचेच पैसे जातात की सगळा हिशेब पुन्हा मांडतात? उत्तर आकड्यांच्या उदाहरणासह मागा, आणि तो ईमेल जपून ठेवा.